'कोर्स पूर्ण करा' या सल्ल्यामागचा इतिहास

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंची बातमी छापून आली की तिच्या शेवटी एक सल्ला हमखास असतो : बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका. घसा दुखण्यापासून टायफॉइडपर्यंत सगळ्यांना तोच सल्ला. खरं तर तो सर्वांत काटेकोरपणे लागू पडतो क्षयरोगाला, आणि त्याचा इतिहासही मुख्यतः क्षयरोगाचाच आहे. सोलापुरात हा इतिहास माहीत असणं विशेष गरजेचं वाटतं. इथे यंत्रमागावर काम करणाऱ्याला आपला खोकला रुईच्या धुळीचा वाटतो, विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूचा वाटतो, आणि टीबीचं निदान उशिरा होतं.

सुरुवात पेनिसिलिनपासून करू. 11 डिसेंबर 1945 रोजी नोबेल पारितोषिकाच्या भाषणात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखणारा एक माणूस स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात आणि तिला पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. धोका त्यांनी बरोबर ओळखला होता, पण उदाहरण चुकलं. घसा दुखवणारा तो स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलिनला दाद देतो. फ्लेमिंग यांनी वर्णन केलेली शोकांतिका खरोखर घडली ती दुसऱ्याच रोगात.

1943 साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयाच्या जंतूवर चालणारं हे पहिलं अँटिबायोटिक. ब्रिटनमध्ये त्याची शिस्तशीर चाचणी झाली आणि निष्कर्ष 1948 मध्ये आले. 55 रुग्णांना विश्रांतीबरोबर औषध दिलं, 52 जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी 4 जण दगावले, विश्रांतीवरच्यांपैकी 14. डॉक्टरांना आनंद होणं साहजिक होतं. पण औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी अनेक जण आधी सुधारले आणि काही आठवड्यांनी पुन्हा ढासळले. त्यांच्या थुंकीतल्या जंतूंवर आता स्ट्रेप्टोमायसिन चालत नव्हतं. पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये फारसा फरक उरला नव्हता. लक्षात घ्या, या रुग्णांनी कोर्स सोडला नव्हता. रुग्णालयात, परिचारिकांच्या देखरेखीखाली त्यांनी एकच औषध नीट घेतलं होतं.

असं का झालं, याचं उत्तर मोजणीत आहे. क्षयानं फुफ्फुसात पोकळी पडली की तिथे दहा ते शंभर कोटी जंतू असू शकतात. त्यांतल्या साधारण दहा लाखांमागे एकावर आयसोनियाझिड हे औषध मुळातच चालत नाही. रिफाम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे दहा कोटींमागे एक. म्हणजे एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि ते थोडे उरलेले मोकळ्या जागेत वाढतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र इतका दुर्मीळ की रुग्णाच्या शरीरात तो असण्याची शक्यता जवळपास नाहीच. क्षयावर एकाच वेळी अनेक औषधं देण्याचा नियम इथून आला.

पुढचा धडा भारतात मिळाला. तोपर्यंत क्षयाचा रोगी म्हणजे महिनोन्महिने मिरजेसारख्या ठिकाणच्या सॅनेटोरियममध्ये, हवापालट आणि सकस आहारावर. 1956 मध्ये मद्रासला एक संशोधन केंद्र सुरू झालं आणि तिथे गरीब वस्तीतल्या रुग्णांवर घरीच उपचार करून पाहिले. औषधं एक वर्ष घ्यायची होती. घरच्या रुग्णांचे निकाल सॅनेटोरियममधल्यांच्या जवळपास आले आणि जगभरची पद्धत बदलली. पण अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली, तेव्हा कळलं की बरेच जण मधून मधून औषध चुकवतात. खोकला थांबला की माणूस स्वतःला रोगी समजेनासा होतो. 1997 पासून आपल्याकडे राबवलेल्या 'डॉट्स'मध्ये कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळण्याची अट आली, तिची मुळं या अनुभवात आहेत.

आता आजचं एक उदाहरण घेऊ. समजा, अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावरच्या एका कामगाराला साधा टीबी झाला आहे. त्याला पहिले दोन महिने रोज चार औषधं मिळतील : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. दोन-तीन आठवड्यांत ताप जातो, भूक लागते, दोन महिन्यांनी थुंकीत जंतू दिसत नाहीत. पण थोडे जंतू जवळजवळ झोपल्यासारखे, वाढ थांबवून पडून असतात, आणि औषधं मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. राहिलेले चार महिने या झोपलेल्यांसाठी असतात.

तिसऱ्या महिन्यात त्यानं सगळ्याच गोळ्या एकदम थांबवल्या तर काही महिन्यांनी रोग उलटण्याची भीती मोठी, पण उलटलेला रोग बहुतेक वेळा त्याच औषधांना दाद देतो. त्याहून घातक प्रकार वेगळा आहे आणि बातम्यांत तो क्वचितच येतो. मळमळ होते म्हणून चारांतली एक-दोन औषधं गाळणं, चार दिवस घेऊन आठ दिवस विसरणं, गावाला गेल्यावर खाजगी डॉक्टरकडून त्यांतलंच एखादं औषध वेगळं घेणं. अशा वेळी जंतूंवर प्रत्यक्षात एकाच औषधाचा मारा होतो आणि 1948 ची गोष्ट पुन्हा घडते. म्हणून आता चारही औषधं एकाच गोळीत घालतात. आधी आठवड्यातून तीनदा मिळणारे डोस 2017 पासून रोज देणं सुरू झालं, त्याचाही एक हेतू हाच. लघवी नारिंगी होणं ही रिफाम्पिसिन पोटात गेल्याची साधी खूण आहे. त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत.

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही निकामी झाली की त्याला एमडीआर टीबी म्हणतात. त्याचा उपचार कित्येक वर्षं दीड ते दोन वर्षांचा होता. त्यांत महिनोन्महिने इंजेक्शनं होती आणि त्यानं काहींचं ऐकू येणं कायमचं गेलं. 2024 मध्ये सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला भारतात मान्यता मिळाली, तरी तो सर्वांनाच देता येत नाही. शिवाय हा जंतू घरच्यांनाही लागतो, आणि तो लागताना औषधांविरुद्धचा प्रतिकार आधीच घेऊन येतो. एका खोलीत सहा-सात माणसं राहतात तिथे एकाच्या अनियमित गोळ्यांची किंमत अशा मुलाला मोजावी लागते ज्यानं आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतलेली नाही.

मग साध्या संसर्गाचं काय? तिथे हा इतिहास जसाच्या तसा लागू होत नाही. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की जास्त दिवस औषध घेतल्यानं प्रतिकार रोखला जातो याला बहुतेक साध्या आजारांत भक्कम पुरावा नाही. उलट औषध जितके दिवस पोटात, तितके दिवस आतड्यातले निरुपद्रवी जंतू त्याच्या माऱ्यात राहतात, आणि प्रतिकार तिथेही तयार होतो. न्यूमोनियात सुधारणा दिसत असेल तर पाच दिवसही अनेकदा पुरतात. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाला मात्र पेनिसिलिन दहा दिवस देतात, कारण संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत. तिथल्या दिवसांचा हिशेब प्रतिकाराशी जोडलेला नाही. म्हणून दिवस किती हे आजार पाहून डॉक्टरनं ठरवावं, आणि कमी करायचे असतील तर त्यांना विचारून करावेत. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या सुट्या आणणं आणि उरलेली पट्टी पुढच्या तापासाठी डब्यात ठेवणं, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

टीबीच्या गोळ्या काही दिवस चुकल्या असतील तर लपवू नका. केंद्रावर नेमके किती दिवस आणि कोणत्या गोळ्या चुकल्या ते सांगा. मळमळत असेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील तर तेही सांगा. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी जा, कारण ते यकृताला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे गोळ्या थांबवायच्या की बदलायच्या हे डॉक्टरच ठरवतात. खंड महिनाभराचा किंवा जास्त असेल तर पूर्वीच्याच गोळ्या आपणहून सुरू करू नका. आधी थुंकीची सीबीनॅट तपासणी व्हायला हवी. रिफाम्पिसिन अजून चालतं की नाही, हे त्या यंत्रात सुमारे दोन तासांत कळतं, आणि पुढचा उपचार त्यावरून ठरतो.