लगतच्या डायहॅलाइडांपासून अल्काइन : सोडामाइडने दुहेरी डीहायड्रोहॅलोजनीकरण

एकमेकांना लागून असलेल्या दोन कार्बन अणूंवर प्रत्येकी एक हॅलोजन असलेल्या संयुगातून HX चे दोन रेणू काढून टाकले, की तिहेरी बंध असलेले अल्काइन मिळते. पहिला रेणू सहज निघतो, दुसरा मुश्किलीने. म्हणूनच या कामाला सोडियम अमाइड, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत सोडामाइड (NaNH₂), हे अतिशय प्रबळ आम्लारी वापरतात. तिहेरी बंध साखळीच्या मधोमध येणार असेल तर डायहॅलाइडच्या एका मोलला सोडामाइडचे दोन मोल पुरतात. तो साखळीच्या टोकाला येणार असेल तर तीन मोल लागतात. अकरावी-बारावीच्या वर्गात हा तिसरा मोल बहुधा एका ओळीत उरकला जातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या प्रक्रिया प्रयोगशाळेत मात्र बॅच फसते ती बहुतेक वेळा याच तिसऱ्या मोलवर. खालील विवेचन स्टायरीन डायब्रोमाइडपासून फेनिलअ‍ॅसिटिलीन बनवण्याच्या उदाहरणावर आधारलेले आहे.

स्टायरीनच्या दुहेरी बंधावर ब्रोमीनची भर घातली की स्टायरीन डायब्रोमाइड मिळते. हा पांढरा स्फटिकी पदार्थ सुमारे ७० ते ७४ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यावर आम्लारी टाकले की फेनिल गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आधी जातो, कारण तो जास्त आम्लधर्मी असतो, आणि पलीकडच्या कार्बनवरचा ब्रोमीन सुटतो. अशा रीतीने मुख्यतः α-ब्रोमोस्टायरीन तयार होते. एवढे काम अल्कोहोलातले पोटॅशियम हायड्रॉक्साइडही करते.

पुढची पायरी अवघड आहे. आता ब्रोमीन दुहेरी बंधाच्या कार्बनवर बसलेला असतो. तिथला C–Br बंध साध्या अल्किल ब्रोमाइडमधल्या बंधापेक्षा मजबूत असतो. शिवाय विलोपन सुकर व्हायचे तर निघणारा हायड्रोजन आणि निघणारा ब्रोमीन दुहेरी बंधाच्या परस्परविरुद्ध बाजूंना असावे लागतात. α-ब्रोमोस्टायरीनमध्ये टोकाच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असल्याने त्यांतला एक नेहमी योग्य बाजूला असतो. ट्रान्स-β-ब्रोमोस्टायरीनमध्ये तशी सोय नसते, त्यामुळे ते सिस रूपाच्या तुलनेत फार हळू क्रिया करते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ही पायरी रेटायची तर तापमान पुष्कळ वाढवावे लागते. सोडामाइड तेच काम द्रव अमोनियात, उणे ३३ अंशांवर करते.

मात्र सोडामाइडची ताकद दुधारी आहे. टोकाच्या अल्काइनमधील ≡C–H या हायड्रोजनचा pKa सुमारे २५ असतो, अमोनियाचा सुमारे ३८. दोहोंतला फरक १३ एककांचा, म्हणजे समतोल दहाच्या तेराव्या घाताइतका अ‍ॅसिटिलाइडच्या बाजूला झुकलेला. फेनिलअ‍ॅसिटिलीनचा रेणू जन्माला येताच शेजारचा अमाइड आयन त्याचा प्रोटॉन काढून घेतो, आणि हे प्रोटॉन काढणे विलोपनापेक्षा कितीतरी वेगाने घडते:

```
C6H5CHBr-CH2Br + NaNH2 -> C6H5CBr=CH2 + NaBr + NH3
C6H5CBr=CH2    + NaNH2 -> C6H5C≡CH    + NaBr + NH3
C6H5C≡CH       + NaNH2 -> C6H5C≡CNa   + NH3
```

तिसरे समीकरण टाळता येत नाही. अल्कोहोलातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडात ही अडचण येत नाही, कारण अल्कोहोलचा pKa १६ असल्याने इथॉक्साइड अल्काइनचा प्रोटॉन जवळजवळ घेतच नाही. तिथे आम्लारीचा अपव्यय होत नाही, पण दुसरी पायरी रखडते. वर तापमान चढवले की साखळी-अल्काइनांमध्ये तिहेरी बंध टोकावरून आत सरकण्याचा धोका असतो. फेनिलअ‍ॅसिटिलीनला सरकायला जागाच नाही, १-हेक्साइनसारख्यांना आहे. सोडामाइडच्या बाबतीत अ‍ॅसिटिलाइडचे मीठ बनणे हे एका अर्थी संरक्षणच ठरते: बंध टोकालाच जखडून राहतो.

दोनच मोल घातले तर काय होईल? पहिली पायरी वेगवान असल्याने पहिला मोल सगळ्या डायब्रोमाइडचे ब्रोमोस्टायरीन करण्यात संपतो. उरलेल्या एका मोलमधून अल्काइनच्या प्रत्येक रेणूमागे दोन अमाइड आयन खर्ची पडतात, एक तो बनवायला आणि दुसरा त्याचा प्रोटॉन काढायला. म्हणून निम्मेच ब्रोमोस्टायरीन अल्काइनपर्यंत पोचते आणि निम्मे तसेच राहते. अ‍ॅसिटिलाइड स्वतः आम्लारी असले तरी व्हिनिल ब्रोमाइडमधून HBr काढण्याइतके ते या तापमानाला प्रबळ नसते. सोडामाइडचे n मोल घेतले तर अल्काइनचा वाटा साधारण (n − १) ÷ २ येतो: अडीच मोलला पाऊण, तीन मोलला पूर्ण. कागदावर एकूण समीकरण मात्र दोन मोलांचेच दिसते, कारण शेवटी आम्ल घालून अ‍ॅसिटिलाइडला हिरावलेला प्रोटॉन परत देतात. दोनच मोल लागतात हा गैरसमज बहुधा इथूनच येतो. २-ब्युटाइनसारख्या मधल्या अल्काइनला असा हायड्रोजन नसतो, म्हणून तिथे दोन मोलांत हिशेब मिटतो.

०.१ मोलची बॅच घेऊ. स्टायरीन डायब्रोमाइड २६.४ ग्रॅम. सोडामाइड ०.३ मोल हवे, पण थोडी गळती धरून ०.३३ मोल घेतात. ते जागीच बनवायला सोडियम ७.६ ग्रॅम लागतो. द्रव अमोनिया सुमारे ३०० मिली. तिमुखी फ्लास्कवर कोरड्या बर्फाचा शीतक, हवेकडे उघडणाऱ्या तोंडाला क्षारचुन्याची नळी, आणि सगळे काम चांगल्या फ्यूम हुडमध्ये.

अमोनियात सोडियमचा एक लहानसा तुकडा टाकून निळा रंग टिकतो का ते आधी पाहावे. रंग विरला तर अमोनियात पाणी आहे. टिकेपर्यंत तुकडे टाकत जावे आणि मोजणी त्यानंतर सुरू करावी. ही पायरी वरकरणी किरकोळ वाटते. पण शीतगृहांना पुरवला जाणारा अमोनिया ९९.५ टक्के शुद्ध असला, आणि उरलेला अर्धा टक्का पाणी असले, तर ३०० मिलीत, म्हणजे सुमारे २०४ ग्रॅममध्ये, एक ग्रॅम पाणी येते. तेवढे ०.०५७ मोल आम्लारी गिळते, आणि सगळी जादा राखीव (०.०३ मोल) संपून तिसऱ्या मोलला हात लागतो. पूर्ण २.३ ग्रॅम पाणी शिरले तर तिसरा मोल अख्खा गेला. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि उणे ३३ अंशांच्या फ्लास्कवर दव धरायला मिनिटही लागत नाही. बूच उघडून आत डोकावण्याची सवय पावसाळ्यात महागात पडते.

यानंतर चिमूटभर, साधारण ०.१ ते ०.२ ग्रॅम, फेरिक नायट्रेट घालून मोजलेला सोडियम छोट्या तुकड्यांनी टाकतात. लोह इथे उत्प्रेरकाचे काम करते. हायड्रोजन सुटतो आणि निळा द्रव हळूहळू करड्या गढूळ मिश्रणात बदलतो. सोडामाइड अमोनियात फारसे विरघळत नसल्याने गढूळपणा अपेक्षितच असतो. निळा रंग पूर्ण जाईपर्यंत थांबणे अत्यावश्यक आहे. निळा रंग म्हणजे विरघळलेले मुक्त इलेक्ट्रॉन, आणि ते डायब्रोमाइडमधले दोन्ही ब्रोमीन हिसकावून त्याचे पुन्हा स्टायरीन करतात. स्टायरीन १४५ अंशांना उकळते आणि फेनिलअ‍ॅसिटिलीन १४२ ते १४४ अंशांना, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने दोघे वेगळे होत नाहीत. घाईने गेलेली पाच मिनिटे नंतर कोणत्याही स्तंभाने भरून निघत नाहीत.

आता डायब्रोमाइड कोरड्या इथरमध्ये विरघळवून पाऊण तासात थेंबथेंब सोडावे. प्रत्येक थेंबाची उष्णता अमोनिया उकळून वाहून नेतो. घाई केली तर फेस नळीतून बाहेर येतो. डायब्रोमाइडमध्ये आम्लारी न घालता आम्लारीत डायब्रोमाइड घालावे, म्हणजे मिश्रणात शेवटपर्यंत आम्लारी जास्तच राहील. त्यानंतर दीड-दोन तास ढवळतात.

या टप्प्यावर फ्लास्कमध्ये फेनिलअ‍ॅसिटिलीन नसतेच, त्याचे सोडियम मीठ असते. त्यात मिथिल आयोडाइड घातले तर थेट १-फेनिलप्रोपाइन मिळते, म्हणून या अभिक्रियेनंतर अनेकदा उत्पादित वेगळे न काढता पुढे जातात. मोकळे अल्काइन हवे असल्यास घन अमोनियम क्लोराइड लहान लहान चमच्यांनी टाकतात. हिशेबाने अ‍ॅसिटिलाइडसाठी ०.१ आणि उरलेल्या अमाइडसाठी ०.०३ मोल, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम लागतो. प्रत्यक्षात १० ग्रॅम घेतात. सरळ पाणी ओतणे धोक्याचे आहे, कारण उरलेले अमाइड त्याच्याशी जोरात भिडते. अमोनिया हुडमध्ये हळूहळू उडू द्यावा, मग इथर आणि पाणी घालून थर वेगळे करावेत आणि इथर थर वाळवून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करावे. शंभर टक्के उत्पन्न धरल्यास १०.२ ग्रॅम मिळायला हवेत.

आम्लारी कमी पडले की नाही हे ओळखायला तांब्याच्या तारेची चाचणी पुरते. तापवून काळी केलेली तार नमुन्यात बुडवून ज्योतीत धरली आणि ज्योत हिरवी झाली, तर ब्रोमोस्टायरीन शिल्लक आहे. नमुना आधी इथर आणि पाण्याने नीट धुतलेला असावा, कारण ब्रोमाइडचे मीठही हिरवा रंग देऊ शकते. अवरक्त वर्णपटात ३२९० सेंमी⁻¹ च्या आसपासचा तीव्र आणि २११० सेंमी⁻¹ जवळचा लहान पट्टा दिसले तर टोकाचे अल्काइन तयार झाले, एवढेच कळते. किती झाले हे वायू-वर्णलेखानेच ठरते. चांदीच्या अमोनियायुक्त द्रावणात पांढरा साका येतो, पण तो साका वाळू देऊ नये, वाळलेला सिल्व्हर अ‍ॅसिटिलाइड स्फोटक असतो. काम झाल्यावर ओला असतानाच विरल आम्लाने त्याचा निकाल लावावा.

बाजारातले सोडामाइड विकत घेऊन थेट वापरण्याचा मार्गही आहे, मात्र हवेच्या संपर्कात आलेल्या डब्यात ते पिवळसर किंवा तपकिरी होते. त्यात स्फोटक ऑक्सिडीकृत पदार्थ साठलेले असतात, म्हणून असा डबा उघडू, खरवडू किंवा वजन करू नये. शिवाय अशा जुन्या मालात सक्रिय अमाइड वजनापेक्षा कमीच असते. तीन मोलचे वजन केले तरी हाती अडीच मोल येतात, आणि (n − १) ÷ २ च्या हिशेबाने पाव डायब्रोमाइड ब्रोमोस्टायरीनच्या पायरीवरच अडकते.