एका बादलीत का भागत नाही?

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला बहुतेक जण एकच बादली आणतात. ती तीन आठवड्यांत भरते, आतली सालं अजून ओळखू येतात आणि नवा कचरा टाकायला जागा उरत नाही. म्हणून आधी वेळेचा हिशेब मांडू.

समजा, रोज अर्धा किलो सालं, देठं, चोथा निघतो. 20 लिटरच्या झाकणाच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडायची, खाली ताटली ठेवायची. तळात चार बोटं सुका पाला. मग रोज बारीक चिरलेला कचरा आणि वर वजनाने नव्हे, पण आकारमानाने निदान तेवढाच चुरलेला पाला किंवा फाडलेला पुठ्ठा. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर, पाल्यात कार्बन. जिवाणूंना दोन्ही लागतं. शिवाय पाला मधे हवेला वाट ठेवतो, आणि माझ्या मते तेच त्याचं मोठं काम.

बादली भरली की तिच्यात नवं काही टाकायचं नाही, फक्त आठवड्यातून एकदा ढवळायचं. पुढच्या सहा आठवड्यांत ती निम्म्यावर येते. अशा दोन अर्ध्या बादल्या एकत्र केल्या की एक रिकामी होते. या फेऱ्यात पाच बादल्या पुरतात आणि पहिलं खत साधारण चार महिन्यांनी हातात येतं.

‘तीस दिवसांत खत’ असं काही जण सांगतात, ते घरी का जमत नाही? मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग स्वतःच्याच उष्णतेने 55 ते 60 अंशांपर्यंत तापतो. बादली लहान, तिची ऊब बाजूंनी निसटते, मग सगळं संथ चालतं. त्या उष्णतेअभावी बियाही मरत नाहीत. माझ्या कुंडीत टोमॅटोची रोपं न लावता उगवतात ती त्यामुळेच!

बिघाड नाकाला आधी कळतो. सडक्या अंड्यांचा वास आला की आत पाणी जास्त आणि हवा कमी: पाला घालून ढवळायचं. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तरी उपाय पालाच, कारण तिथे नायट्रोजन वरचढ झालेला असतो. वास नाही आणि काही घडतही नाही, तर बहुधा कोरडं पडलंय. मूठभर घट्ट पिळून पाहा. एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त. मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा.

झालेलं खत काळपट, भुसभुशीत असतं, पण रंग फसवतो. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीचा वास आला तर चाळून वापरा. आंबूस आला तर अजून तीन-चार आठवडे थांबा, कारण कच्चं खत मातीतला नायट्रोजन ओढून घेतं आणि कुंडीतली पानं पिवळी पडतात. चाळणीवर उरलेले देठ नव्या बादलीच्या तळात टाकायचे. त्यांच्यावर जिवाणू आयतेच असतात.