लगोरी

लगोरी : सात चपट्या दगडांची चळत आणि एक चेंडू एवढ्याच साहित्यावर दोन संघांत खेळला जाणारा मैदानी खेळ. लगोऱ्या आणि लिंगोरचा ही त्याचीच मराठी नावे. एका संघाने चेंडू मारून चळत पाडायची आणि अंगावर येणारा चेंडू चुकवत ती पुन्हा रचायची. दुसऱ्याने ती रचली जाण्याआधी रचणाऱ्यांना चेंडूने टिपायचे. ‘लगोरी’ हा शब्द खेळाला वापरतात, चळतीला वापरतात आणि चळत पुन्हा रचून झाली की मारायची आरोळीही तीच असते. कर्नाटकातही हा खेळ लगोरी म्हणूनच ओळखला जातो. राजस्थानात तो सतोलिया, दिल्ली-पंजाबकडे पिठ्ठू, तेलुगू मुलखात एडु पेंकुलाट. इराणमध्ये याच धर्तीचा ‘हफ्त संग’, म्हणजे सात दगड, नावाचा खेळ आहे.

दगड कसेही चालत नाहीत. दोन्ही बाजूंनी सपाट असलेला तुकडाच चळतीत स्थिर बसतो, म्हणून शहाबादी फरशीचे तुकडे सर्वांत पसंतीचे. कौलारू घरांच्या गावात फुटक्या कौलांच्या खापऱ्या घासून घेतात. सर्वांत मोठा तुकडा तळहाताएवढा असतो आणि तो तळाशी जातो. त्यावर उतरत्या क्रमाने एकेक ठेवत सर्वांत वरचा तुकडा मोठ्या नाण्याएवढा उरतो. ही चळत जेमतेम वीतभर उंच होते. चेंडू पूर्वी चिंध्यांचा असे, सुतळीने आवळलेला. आता रबरी किंवा टेनिसचा वापरतात. चिंध्यांचा चेंडू उसळत नाही आणि लांब घरंगळत जात नाही, त्यामुळे तो घेऊन खेळलेला डाव रबरी चेंडूच्या डावापेक्षा आखूड आणि अटीतटीचा होतो. ओल्या चिंध्यांचा चेंडू पाठीत बसला की काय होते, ते ज्याला बसला आहे त्यालाच ठाऊक.

संघात साधारण पाच ते सात गडी असतात. चपट्या खापरीची एक बाजू थुंकीने ओली करून ती उडवायची आणि ‘ओली की सुकी’ विचारायचे, असा डाव कोणाचा हे ठरवण्याचा जुना रिवाज आहे. जिंकलेला संघ लगोरी फोडतो, दुसऱ्यावर राज्य येते. मोकळ्या जागेच्या मध्यावर लगोरी रचतात आणि तिच्यापासून पंधरा ते वीस फुटांवर रेघ ओढतात. मारणाऱ्याने रेघेमागून चेंडू मारायचा. एका गड्याला बहुधा तीन संधी मिळतात आणि त्या वाया गेल्या की पुढचा गडी येतो.

फोडण्याच्या माऱ्यातच अर्धा डाव ठरतो. नवखा खेळाडू सगळा जोर लावून चळतीच्या बुडावर चेंडू हाणतो. सातही दगड उधळतात, प्रेक्षक खूश होतात आणि त्याच्याच संघाच्या गळ्यात सात दगड गोळा करण्याचे काम पडते. त्यातले दोन तर गवतात दडलेले असतात. मुरलेला गडी वरच्या दोन-तीन दगडांवर नेम धरतो. खालचे चार जागेवर राहतात, पडलेले तीन चळतीलगत पडतात आणि रचायला क्षणभर पुरतो. पण हलक्या हाताने मारावे तर वेगळीच पंचाईत होते. चेंडू चळतीला थडकून तिथेच थांबतो आणि जवळ उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला आयता मिळतो. म्हणून सर्वांत चांगला मारा तो, ज्यात चेंडू वरच्या दगडांना निसटता घासून वेगाने मागे निघून जातो. दगड थोडे पडतात आणि चेंडू लांब जातो. हे साधायला चेंडू खालून सरळ आणि जमिनीला समांतर फेकावा लागतो. डोक्यावरून टाकलेला चेंडू वरून खाली येतो, चळतीवर आपटतो आणि उसळतो. उसळलेला चेंडू झेलला गेला की मारणारा बाद, असा बहुतेक ठिकाणी दंडक आहे. नेम चुकून चेंडू चळतीवरून गेला आणि एका टप्प्यानंतर मागच्या गड्याने झेलला, तरीही मारणारा बाद धरतात.

म्हणूनच राज्य असलेल्या संघाचा सर्वांत भरवशाचा गडी चळतीच्या मागे चार-पाच पावलांवर, रेघेकडे तोंड करून उभा असतो. तो यष्टिरक्षकाच्या जागी आहे असे म्हणायला हरकत नाही. झेल त्याचा आणि पहिला चेंडूही बहुधा त्याच्याच हाती येतो. दोघे दोन बाजूंना, थोडे दूर उभे राहतात; त्यांचे काम चेंडू अडवण्याइतकेच तो तत्काळ दुसऱ्या बाजूला फेकण्याचे. एक-दोन गडी पार मागे, लांब गेलेल्या चेंडूसाठी. चळतीवर ठिय्या देऊन बसणे बऱ्याच ठिकाणी मना असते. तसे चालू दिले तर लगोरी कधीच लागणार नाही, म्हणून चळतीभोवती दोन-तीन पावलांचे रिंगण आखून राज्यवाल्यांना त्याबाहेर ठेवतात.

फोडणाऱ्या संघात रचणारा आणि हूल देणारे असे दोन प्रकारचे गडी असतात. रचणाऱ्याला दगडांचा क्रम तोंडपाठ हवा आणि हात शांत हवा. घाईत पाचव्याच्या जागी सहावा दगड ठेवला, तर त्यावर मोठा पाचवा डुगडुगतो आणि सातवा ठेवताना सगळेच घसरते. सरावलेला गडी दगड पडताना पाहतो, कोणता कुठे गेला ते मनात धरतो आणि धावत येतानाच मोठा तुकडा उचलतो. हूल देणारे चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्या नजरेसमोरून धावतात, चळतीकडे झेपावल्यासारखे करून परत फिरतात. हेतू एकच, की चेंडू रचणाऱ्याच्या नव्हे तर त्यांच्या दिशेने सुटावा. चुकलेला प्रत्येक मारा रचणाऱ्याला एक-दोन दगडांची सवड देतो.

या कामांचे वजन एका नियमावर अवलंबून असते आणि खेळ सुरू होण्याआधी तो नियम पक्का करून घ्यावाच लागतो. एकाला चेंडू लागला तर तो एकटा बाद, की सगळा डाव गेला? एकटाच बाद होत असेल तर हूल देणारा जाणूनबुजून अंगावर चेंडू ओढवून घेऊ शकतो. त्याच्या जाण्याने दोन दगड लागत असतील तर सौदा फायद्याचाच. पण एकाला लागताच डाव संपत असेल तर हेच धाडस मूर्खपणा ठरते. मग हूल देणारे लांबून नाचतात आणि चळतीजवळ एकटा रचणारा उरतो.

सहा-सहा गड्यांचा आणि ‘लागेल तो एकटा बाद’ या बोलीवर चाललेला एक डाव असा कल्पून पाहू. मारा वरून तिसऱ्या दगडाच्या जरा खाली लागला. तीन दगड पडले, चार राहिले. चेंडू चळतीमागच्या गड्याच्या डाव्या हाताला निसटून दहा-बारा पावले गेला. तो चेंडूकडे वळेपर्यंत रचणारा चळतीजवळ पोचला आणि पाचवा दगड बसवला. आता चेंडू हाती आलेल्या गड्याने सरळ मारणे ही चूक आहे, कारण रचणारा त्याच्याकडे तोंड करून बसलेला असतो आणि चेंडू येताना त्याला दिसतो. शहाणा गडी तो समोरच्या बाजूच्या साथीदाराकडे फेकतो, म्हणजे मारा रचणाऱ्याच्या पाठीवर येईल. नेमक्या त्याच क्षणी फोडणाऱ्यांपैकी एक जण त्या साथीदाराच्या पुढ्यातून धावला. चेंडू त्याच्या मांडीवर बसला आणि तो बाद झाला, पण चेंडू त्याच्या अंगावरून उडून कुंपणाकडे घरंगळला. तो परत येईतो सहावा आणि सातवा दगड लागला, रचणाऱ्याने आरोळी ठोकली आणि गुण त्यांना गेला. चेंडू मांडीवर बसण्याऐवजी रिकामा जाऊन पलीकडच्या हातात पडला असता, तर सातवा दगड बसलाच नसता. काही ठिकाणी आरोळीआधी चळतीभोवती किंवा तिच्यावरून हात अथवा पाय फिरवावा लागतो. तिथे हा शेवटचा क्षण सर्वांत धोक्याचा, कारण गडी उभा राहतो आणि अंग मोठे होते.

भांडणे बहुतेक ठरावीक चुकांवरून होतात. मारताना रेघेवर पाय पडला तर ती संधी बुडाली. राज्यवाल्याने चेंडू हातात घेऊन धावायचे नाही. जिथे उचलला तिथूनच मारायचा किंवा साथीदाराकडे टाकायचा. ही अट काढली तर चपळ गडी चेंडू घेऊन रचणाऱ्याच्या डोक्यावर येऊन उभा राहतो आणि एकमेकांकडे चेंडू टाकण्यातली सगळी मजा जाते. मारा कमरेखाली असावा असे बहुतेकांचे म्हणणे असते. डोक्याला लागलेला चेंडू धरत नाहीत आणि टिपून डोक्यावर मारणाऱ्याला तंबी मिळते. फोडणाऱ्यांनी चेंडू हाताने अडवू नये किंवा पायाने लांब ढकलू नये. उलट राज्यवाल्यांनी पडलेले दगड पायाने उडवू नयेत, लपवू नयेत. चुकून पाय लागला तर दगड पूर्वीच्या जागी ठेवतात, पण पूर्वीची जागा कोणती यावरच वाद पेटतो. रचणाऱ्याने दोन दगड आधी हातात जुळवून एकदम ठेवणेही अनेकांना मान्य नसते. मारा चुकून अर्धवट लागलेल्या चळतीलाच बसला आणि ती पुन्हा पडली, तर मात्र ते चालते. रचणाऱ्याने नव्याने लावायची.

आरोळी दिली आणि त्याच क्षणी वरचा दगड घसरला, तर काय? रूढ उत्तर असे की हात सोडल्यावर चळत क्षणभर तरी आपल्या बळावर उभी दिसली पाहिजे. म्हणून चाणाक्ष गडी सातवा दगड ठेवल्याबरोबर दोन्ही हात उघडे करून वर दाखवतो आणि मगच ओरडतो.