टीएफ-आयडीएफ भारांकन

मजकुरातील प्रत्येक शब्दाला संख्यात्मक वजन देण्याची पद्धत. शब्द एका दस्तऐवजात किती वेळा आला ही त्याची वारंवारता (टीएफ) आणि एकूण संग्रहातील किती दस्तऐवजांत आला यावरून काढलेली त्याची दुर्मिळता (आयडीएफ) यांचा गुणाकार म्हणजे हे वजन. N दस्तऐवजांपैकी n दस्तऐवजांत शब्द आढळत असेल, तर दुर्मिळता log(N/n) अशी घेतात.

या पद्धतीचे जनकत्व एकाच व्यक्तीकडे देता येत नाही. वारंवारतेवरून शब्दाचे महत्त्व ठरवण्याची कल्पना हान्स पीटर लून यांनी 1957 च्या सुमारास मांडली. दुर्मिळतेचा घटक कॅरन स्पार्क जोन्स यांच्या 1972 मधील निबंधातून आला. दोन्हींचा गुणाकार रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः जेरार्ड सॉल्टन व त्यांच्या स्मार्ट या दस्तऐवज-शोध प्रणालीवरील सहकाऱ्यांना देतात. दुर्मिळतेला लॉगॅरिदम का, यावर मात्र मतभेद आहेत. काही अभ्यासक log(N/n) हे माहिती-सिद्धान्ताचे प्रणेते क्लॉड शॅनन यांच्या अर्थाने शब्दातील माहितीचे माप मानतात. स्टीफन रॉबर्टसन यांनी 2004 मध्ये या स्पष्टीकरणातील त्रुटी दाखवल्या. त्याऐवजी त्यांनी स्वतः स्पार्क जोन्स यांच्यासह 1976 मध्ये मांडलेल्या, संभाव्यतेवर बेतलेल्या शोध-सिद्धान्ताचा आधार घेतला. तो अधिक भक्कम वाटतो.

मात्र या साऱ्या चर्चेच्या मुळाशी हवे ते दस्तऐवज शोधण्याचा प्रश्न होता, दस्तऐवजांच्या वर्गीकरणाचा नव्हता. ही पद्धत वर्गीकरणासाठी वापरताना मुख्य अडचण त्यातूनच येते, कारण आयडीएफ काढताना दस्तऐवजांचे वर्ग पाहिलेच जात नाहीत. समजा, 1000 बातम्यांपैकी 500 क्रिकेटच्या व 500 शेतीच्या आहेत, आणि ‘विकेट’ हा शब्द क्रिकेटच्या प्रत्येक बातमीत आहे, शेतीच्या एकाही नाही. दोन वर्ग वेगळे करायला याहून चांगला शब्द मिळणार नाही. तरी 10 पायाच्या लॉगॅरिदमने त्याची दुर्मिळता अवघी 0.30 येते. एकाच बातमीत शिरलेल्या चुकीच्या छापील शब्दाला मात्र 3, म्हणजे दहापट मिळते. पुढचे वर्गीकरण-सूत्र आपले गुणक शिकताना हा तोल बराचसा सावरते, म्हणून पद्धत व्यवहारात चालते. scikit-learn या पायथन ग्रंथालयात वेगळे न सांगितल्यास ln((1+N)/(1+n)) + 1 हे सूत्र असल्याने तेथे हा फरक सुमारे सव्वाचार पटच उरतो. फार थोड्या दस्तऐवजांत आलेले शब्द min_df या किमान मर्यादेने आधीच वगळणे हा नेहमीचा उपाय आहे.

मराठी मजकुरात याहून आधीच, शब्द तोडतानाच घात होतो. scikit-learn मधील ही वजने काढणाऱ्या TfidfVectorizer चा मूळ नियम लागोपाठ दोन किंवा अधिक अक्षरचिन्हे मिळाली तरच शब्द मानतो, आणि देवनागरी मात्रांना अक्षरचिन्हांत धरत नाही. त्यामुळे ‘मराठी’ आणि ‘मराठा’ दोन्हींचे ‘मर’ होते, ‘शेतकरी’चे ‘तकर’, आणि ‘विकेट’ तर पूर्ण नाहीसा होतो. प्रणाली कोणतीही चूक दाखवत नाही, निकाल फक्त कमकुवत येतात. get_feature_names_out() ने शब्दसूची छापून पाहिली की दोष लगेच उघड होतो. नियम बदलणे पुरते:

```
TfidfVectorizer(
  token_pattern=r"[\u0900-\u0963\u0972\u200d]+")
```

यानंतरही ‘शाळा’, ‘शाळेत’, ‘शाळेचा’, ‘शाळांमध्ये’ हे चार स्वतंत्र शब्द राहतात. प्रत्येकाची n घटते, दुर्मिळता फुगते, आणि चौघांमध्ये विखुरलेला पुरावा एकत्र येत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द ऱ या स्वतंत्र चिन्हाने किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्हाने लिहिला जातो. दिसायला एक असूनही संगणकाला ते दोन शब्द असतात. दोन्हींचे आधी एकरूपीकरण करावे.

शब्दक्रम व संदर्भ या पद्धतीत टिकत नाहीत. ‘कथा चांगली, गाणी वाईट’ आणि ‘कथा वाईट, गाणी चांगली’ यांचे सदिश, म्हणजे शब्दांच्या वजनांच्या याद्या, तंतोतंत सारखे असतात. ‘उत्तर महाराष्ट्र’ आणि ‘प्रश्नाचे उत्तर’ यांतील ‘उत्तर’ एकच मोजला जातो. लागोपाठच्या शब्दजोड्या मोजल्यास पहिला दोष थोडा कमी होतो, पण सूची प्रचंड वाढते. 2018 मध्ये आलेल्या एल्मो व बर्ट या भाषा-प्रारूपांत शब्दाचा सदिश सभोवतालच्या वाक्यावरून ठरतो, म्हणून दोन ‘उत्तर’ वेगळे होतात. शब्दाचे लहान तुकडे पाडल्याने ‘शाळेत’ व ‘शाळेचा’ यांचे नातेही बऱ्याच अंशी राखले जाते. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचे महाबर्ट हे मराठीसाठीचे असे प्रारूप आहे.

या प्रारूपांनाही मर्यादा आहेत. मूळ बर्ट एका वेळी 512 तुकडेच वाचते, त्यामुळे लांब न्यायनिवाड्याचा पुढचा भाग कापला जातो किंवा खंड पाडावे लागतात. टीएफ-आयडीएफला लांबीची अशी अट नाही. त्याचे काम साध्या संगणकावर होते, आणि रेषीय वर्गीकरणात कोणत्या शब्दामुळे निर्णय झाला हे गुणकांवरून थेट वाचता येते. लहान अभिप्राय, नकार व उपरोध असलेल्या मजकुरात संदर्भनिष्ठ सदिश सरस ठरतात. बातमी क्रीडेची की शेतीची, असा विषय शब्दांतूनच उघड होत असेल, तर आधी टीएफ-आयडीएफने अचूकतेचा आकडा काढावा आणि महागड्या प्रारूपाला त्याच्याशी ताडून पाहावे.