नळाभोवतीची वाळू आणि चराची रुंदी

समजा, ऐरोलीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारात सांडपाण्याची 45 मीटर लांबीची नवी वाहिनी टाकायची आहे. नळ पीव्हीसीचा असून त्याचा बाहेरील व्यास 200 मिमी आहे. चराची रुंदी 600 मिमी ठरली आहे. नळाखाली 100 मिमी जाडीचा वाळूचा थर घालायचा, दोन्ही बाजू वाळूने भरायच्या आणि माथ्यावरही 150 मिमी वाळू चढवायची आहे. अशा वेळी दर रनिंग मीटरला किती वाळू लागेल, हे आधी काढावे लागते.

हिशेब तसा सरळ आहे. वाळूच्या पट्ट्याची एकूण उंची, म्हणजे खालचा थर, नळाचा व्यास आणि माथ्यावरचा थर यांची बेरीज, चराच्या रुंदीने गुणायची आणि त्यातून नळाने व्यापलेली जागा वजा करायची. रुंदी B, खालचा थर a, बाहेरील व्यास D आणि वरचा थर c मानला, तर एका मीटर लांबीसाठी सूत्र असे होते:

```
V = B × (a + D + c) − π × D² / 4
```

आपल्या उदाहरणात उंची 0.10 + 0.20 + 0.15, म्हणजे 0.45 मीटर भरते. तिला 0.60 ने गुणले की 0.270 घनमीटर येतात, त्यातून नळाचे 0.031 घनमीटर वजा केले की सुमारे 0.239 घनमीटर उरतात. येथे व्यास बाहेरचाच घ्यावा. पीव्हीसी आणि एचडीपीई नळांचे आकार बाहेरील व्यासानेच सांगितले जातात, पण डक्टाइल आयर्नच्या 300 मिमी म्हटल्या जाणाऱ्या नळाचा बाहेरील व्यास 326 मिमी असतो.

या हिशेबात सर्वाधिक लक्ष नळाकडे जाते, पण चूक बहुतेक वेळा चराच्या रुंदीत होते. आपल्या उदाहरणातील संपूर्ण नळ जेवढी जागा व्यापतो, तेवढीच जास्तीची जागा चर अवघा 7 सेंमीने अधिक रुंद झाला तरी भरावी लागते. खाडीलगतच्या मऊ, चिकण जमिनीत, विशेषतः पाणी वर आलेले असताना, चराच्या भिंती उभ्या राहत नाहीत; तळाशी 600 मिमी असलेली रुंदी वाळूच्या वरच्या पातळीला सहज 800 मिमी होते. अशा वेळी दोन्हींची सरासरी, म्हणजे 700 मिमी, धरावी लागते आणि दर मीटरचा आकडा 0.284 घनमीटरवर जातो. ही वाढ सुमारे 19 टक्क्यांची आहे. म्हणून नकाशावरची रुंदी गृहीत न धरता खोदाई झाल्यावर दर पाच-सहा मीटरवर तळाशी आणि वाळू जेथवर येणार त्या उंचीवर फीत धरून मापे घ्यावीत. जमिनीच्या पातळीवरची रुंदी या कामासाठी उपयोगाची नाही.

हे आकडे दाबून बसवलेल्या वाळूचे आहेत, तर लॉरीतून येते ती सैल वाळू. शिवाय किंचित ओलसर वाळू फुगते, कारण कणांभोवतीचे पाण्याचे पातळ आवरण त्यांना एकमेकांपासून दूर धरते. किती जास्त मागवायची हे जागेवरच पाहता येते. सरळ भिंतींच्या डब्यात आलेली वाळू, समजा, 30 सेंमी उंचीपर्यंत भरावी, मग ती बाहेर काढून चरात दाबायची तशीच थराथराने पाणी देऊन त्याच डब्यात ठोकून बसवावी. उंची 24 सेंमी उरली, तर गुणक 30 भागिले 24, म्हणजे 1.25 होतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात सुमारे 2.83 घनमीटर. त्या हिशेबाने 45 मीटरसाठी 600 मिमी रुंदीला सुमारे 4.7 ब्रास, तर 700 मिमी सरासरी रुंदीला सुमारे 5.6 ब्रास वाळू लागते. भिंती ढासळल्यावर जवळजवळ एक ब्रास वाळू कमी का पडते, याचे उत्तर या फरकात आहे.

काम संपल्यावर वाळू बरीच उरली, तर एखाद्या ठिकाणी थर पातळ राहिला असावा, असे समजून पाहणी करावी. मात्र सर्वांत घातक पोकळी या मोजणीत दिसतच नाही. नळाच्या पोटाखाली, तळ आणि दोन्ही बगला यांच्यामध्ये जी पाचरीसारखी जागा राहते, ती आपल्या नळासाठी दोन्ही बाजू मिळून दर मीटरला जेमतेम 4.3 लिटर, म्हणजे एकूण वाळूच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. ती रिकामी राहिली तर लॉरीच्या मापात फरक जाणवणार नाही, पण नळ तळाच्या एका अरुंद पट्टीवर टेकेल, बगलांना आधार मिळणार नाही आणि वरच्या मातीच्या व वाहनांच्या भाराने तो लंबगोल होऊ लागेल. म्हणून नळ अर्धा बुडेपर्यंत वाळू दोन्ही बाजूंनी सारखीच, पातळ थरांत टाकून फळीच्या टोकाने पोटाखाली सारावी लागते आणि वरचा थर घालण्यापूर्वी तेथे हात घालून पाहावे लागते. चर बुजवल्यानंतर नळाच्या आतील उभा व्यास मोजता येतो; लवचीक नळासाठी तो साधारण 5 टक्क्यांहून अधिक घटलेला आढळला, तर तेवढा भाग पुन्हा उघडणेच योग्य.