यकृतातील हायडॅटिड गाठ: सोनोग्राफीतील चित्रावरून ठरणारा उपचार

सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतात पाण्याची गाठ’ असे वाचले की सुईने पाणी काढून टाकावे, असे अनेकांना वाटते. परंतु ती गाठ कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीची, म्हणजे हायडॅटिड असेल, तर पूर्वतयारीविना घातलेली सुई जिवावर बेतू शकते.

काही मिलिमीटर लांबीच्या या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेली भाजी, पाणी किंवा हातांमार्फत माणसाच्या पोटात जातात. मटण खाल्ल्याने हा रोग होतो हा समज चुकीचा आहे. मेंढीच्या यकृतातील किंवा फुफ्फुसातील गाठ कच्ची खाल्ल्याने कृमी होतात ते कुत्र्याला.

अंड्यातून सुटलेला भ्रूण आतड्यातून रक्तावाटे यकृतात पोहोचतो आणि तेथे वर्षानुवर्षे वाढणारी गाठ तयार होते. तिचे बाहेरचे वेष्टन आपल्या शरीराने बनवलेले असते, तर आतील पांढरे पटल कृमीचे स्वतःचे असते आणि त्याच्या अस्तरातून कृमीची सूक्ष्म डोकी निपजतात. आतील द्रवाचा दाब टिकून असेपर्यंत पटल वेष्टनाला चिकटून राहते. तेव्हा पडद्यावर दुहेरी रेघेचा काळा गोल दिसतो आणि रुग्णाला कुशीवर वळवले की तळाचे बारीक कण तरंगू लागतात. दाब ओसरला की पटल सुटून द्रवात लहरते. काही गाठींत पिल्लू-गाठी भरून मधाच्या पोळ्यासारखे चित्र दिसते, तर काही आपोआप घट्ट होऊन शेवटी त्यांवर चुना चढतो. गाठ विरघळवणाऱ्या काढ्यांना मिळणारे श्रेय बहुधा या नैसर्गिक ऱ्हासाचेच असते.

समजा, गाठ 7 सेंटिमीटरची असून पटल नुकतेच सुटले आहे. अशा वेळी आधी अल्बेंडाझोल या कृमिनाशक औषधाच्या गोळ्या सुरू करतात. मग सोनोग्राफीखाली, यकृताच्या निरोगी भागातून सुई नेऊन द्रव ओढतात आणि त्यात पित्त नाही ना, हे तपासतात. पित्त आढळल्यास प्रक्रिया तेथेच थांबवावी लागते, कारण गाठीचा पित्तनलिकेशी संबंध असताना आत सोडलेले कृमिनाशक द्रावण नलिकांना कायमची इजा करते. पित्त नसेल तर 20 टक्के मिठाचे द्रावण भरून काही मिनिटांनी पुन्हा ओढून घेतात आणि गोळ्या पुढे किमान महिनाभर चालू ठेवतात. गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा लहान असती, तर केवळ गोळ्यांवर भागू शकले असते. मात्र त्या काळात रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या कराव्याच लागतात.

इतकी खबरदारी घेतात ती गाठ फुटण्याच्या भीतीने. ती पित्तनलिकेत फुटली तर कळा, ताप आणि कावीळ होते. पोटाच्या पोकळीत फुटली तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब अचानक कोसळू शकतो, आणि रुग्ण त्यातून वाचला तरी सांडलेल्या डोक्यांपासून काही वर्षांनी पोटभर नव्या गाठी उगवू शकतात. म्हणूनच ॲलर्जीवरील उपचारांची सिद्धता असल्याशिवाय सुई घालत नाहीत.

पोळ्यासारख्या गाठीत कप्पे अनेक असल्याने एका सुईने काम भागत नाही. तेथे बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. घट्ट झालेल्या किंवा चुना चढलेल्या, त्रास न देणाऱ्या गाठीला मात्र हात लावत नाहीत, ठरावीक काळाने सोनोग्राफी करून तिच्यात पुन्हा द्रव दिसतो का, एवढेच पाहतात.