बाथरूममधल्या दोन पट्ट्या: दारातली आणि आतली

नागपुरात मिस्त्री दोन्हींना ‘पट्टी’च म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एक पट्टी बाथरूमच्या दारात, चौकटीखाली. दुसरी आत, आंघोळीची ओली जागा आणि कमोड-बेसिनची कोरडी जागा यांच्या मधे. दोन्हींना तोच काळा ग्रॅनाइट लागतो, म्हणून उंचीही एकच धरली जाते. मानेवाड्याकडच्या एका फ्लॅटमध्ये दोन्ही पट्ट्या चार-चार इंच होत्या. विचारलं तर मिस्त्री म्हणे, “दोन्ही सारख्याच घेतल्या भाऊ, पाह्याले बरं दिसते.”

आतल्या पट्टीचं काम पाणी अडवण्याचं. किती पाणी? ओली जागा तीन फूट बाय चार फूट धरा. वीस लिटरची भरलेली बादली तिथे उलटली आणि जाळी पूर्ण तुंबलेली असली, तरी पाणी पाऊण इंचही चढत नाही. शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडत असेल, तर दोन इंच भरायला पाच मिनिटांवर वेळ लागतो, तोवर माणसाच्या लक्षात येतंच. म्हणून ओल्या बाजूने, पट्टीच्या पायथ्याशी मोजून, दोन इंच पुरेत. फार तर अडीच. ओली फरशी कोरडीपेक्षा अर्धा इंच खाली घेतली, तर कोरड्या बाजूने पट्टी जेमतेम दीड इंच दिसते. उंची कुठल्या बाजूने मोजायची हे आधीच ठरवून मिस्त्रीला सांगा, नाहीतर अर्ध्या इंचाचा वाद फरशी लागल्यावर निघतो. अंगावरून उडणारे शिंतोडे मात्र चार इंचांनीही अडत नाहीत, त्याला पडदा किंवा काचच हवी.

दारातल्या पट्टीला पाण्याचा साठा अडवायचा नसतोच. तिथे पाणी साचलं, तर चूक ढाळाची आहे, पट्टीची नाही. खोलीच्या फरशीपेक्षा दाराजवळची बाथरूमची फरशी चार ते सहा सूत, म्हणजे अर्धा ते पाऊण इंच खाली असली की झालं. पट्टी खोलीच्या लेव्हलला, फार तर एक-दोन सूत वर. व्हीलचेअर वापरणारं कुणी घरात असेल तर दारात अर्ध्या इंचाहून जास्त पायरी नको, तिचीही कड उतरती घ्यावी. आतली उभी पट्टी तर ठेवूच नये, तिथे ढाळावरच भिस्त.

त्या मानेवाड्याच्या घरात आजी रात्री दोनदा दारात ठेचकाळल्या, म्हणून मला बोलावलं होतं. गेलो तर दुसरंच दिसलं. चौकटीचं लाकूड खालून फुगलेलं आणि कोरड्या फरशीवर, आतल्या पट्टीच्या बुडाशी पांढऱ्या खाराची रेघ.

चौकट फुगण्याचं कारण सोपं होतं. जाळी एकच, तीही ओल्या भागात. बेसिनखाली सांडलेलं आणि पोछा मारल्यावर राहिलेलं पाणी तिकडे जाणार कसं, मधे चार इंचांची भिंत! ते दाराकडे सरकायचं आणि तिथेच मुरायचं. मधे पट्टी घातली की कोरड्या भागाला स्वतःची जाळी लागते, हे नेहमी विसरलं जातं.

खाराचं कारण पट्टी उपटल्यावर कळलं. ती टाइलच्या वरून सिमेंटने नुसती चिकटवलेली होती. ओल्या बाजूचं पाणी टाइलच्या सांध्यांतून खालच्या मसाल्यात उतरायचं आणि पट्टीच्या खालून कोरड्या बाजूला निघायचं. अशी पट्टी सहा इंच केली तरी पाणी जाणारच.

मग तेवढ्या रुंदीच्या टाइल काढून पक्क्या थरावर काँक्रीटचा छोटा बांध घातला. वॉटरप्रूफिंगचा हात फरशीवरून बांधाच्या दोन्ही अंगांवर आणि माथ्यावर सलग घेतला, मग टाइल, मग ग्रॅनाइट. ग्रॅनाइटचा माथा एक सूत ओल्या बाजूला झुकवला, म्हणजे वर पडलेलं पाणी परत आत येतं. कमोडशेजारी दुसरी जाळी दिली आणि दारापासून तिच्याकडे फुटाला एक सूत ढाळ काढला. दारातली पट्टी दोन सुतांवर आणली, कड गोल घासून.

टाइल लावायच्या आधी, कोटिंग वाळल्यावर, पाणी भरून पाहिलं. जाळीत फडका कोंबला, बांधाच्या माथ्याच्या बोटभर खाली पाणी भरलं, पेन्सिलीने खूण केली आणि चोवीस तास हात लावला नाही. दिवस मे महिन्याचे होते. नागपूरच्या त्या कोरड्या हवेत पाणी नुसतं उडूनही उतरतं, मग गळतं की सुकतं हे कळणार कसं? म्हणून शेजारीच पाणी भरलेलं घमेलं ठेवून त्यातही खूण केली होती. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलेलं दिसलं, तेव्हा मिस्त्रीला टाइल लावायला सांगितलं.